एमआरची नोकरी, टार्गेट आणि क्लोजिंगचं टेन्शन: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सेल्स म्हटलं की टेन्शन आलंच, मग एमआरच्या, म्हणजे मेडिकल रिप्रेझेंटेटिव्हच्या लाइनमध्ये वेगळं काय आहे?

वेगळं हे आहे की गिऱ्हाईक तुमच्याकडून काही विकतच घेत नाही. डॉक्टर फक्त चिठ्ठी लिहितो, पेशंट मेडिकलमधून औषध घेतो, मेडिकलवाला स्टॉकिस्टकडून मागवतो आणि स्टॉकिस्ट कंपनीकडून. तुमची मेहनत या साखळीच्या एका टोकाला, डॉक्टरच्या केबिनमध्ये, आणि तुमचं टार्गेट मात्र दुसऱ्या टोकाला, म्हणजे कंपनीने स्टॉकिस्टच्या नावाने फाडलेल्या बिलावर. मधल्या सगळ्या गोष्टी तुमच्या हातात नाहीत. मोबाइल किंवा गाडी विकणाऱ्याला निदान माहीत असतं की आज दोन विकल्या, आपल्याला महिन्याच्या २० तारखेपर्यंत नीट कळतच नाही की धंदा झाला की नाही. बहुतेक टेन्शन या न कळण्यातून येतं असं माझं मत आहे, टार्गेटचा आकडा मोठा असणं हे त्यानंतर.

प्रायमरी आणि सेकंडरी हे रोज ऐकतो, पण त्याचा माझ्या झोपेशी काय संबंध?

खूप संबंध आहे, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

प्रायमरी म्हणजे कंपनीने स्टॉकिस्टला विकलेला माल. सेकंडरी म्हणजे स्टॉकिस्टकडून पुढे मेडिकलला गेलेला माल. खरा धंदा सेकंडरीतच दिसतो, पण बऱ्याच कंपन्यांत टार्गेट, रँकिंग आणि इन्सेंटिव्ह प्रायमरीवर चालतं, कारण तो आकडा कंपनीच्या स्वतःच्या सिस्टीममध्ये लगेच दिसतो.

आता समजा तुमचं एचक्यू, म्हणजे ज्या गावाला धरून फिरायचं ते मुख्य ठिकाण, लातूर आहे, औसा, निलंगा, उदगीर, अहमदपूर फिरायचं. महिन्याचं टार्गेट ४ लाख. डॉक्टरांकडून येणारी खरी मागणी, म्हणजे सेकंडरी, ३ लाख ४० हजार. वाईट नाही, ८५ टक्के. पण २८ तारखेला साहेबांचा फोन येतो की हंड्रेड लागलंच पाहिजे, मग तुम्ही दोन स्टॉकिस्टच्या हातापाया पडून ६० हजारांचा माल जास्त टाकता. ग्रुपवर नाव येतं, टाळ्या पडतात.

पुढच्या महिन्यात स्टॉकिस्टकडे तो ६० हजारांचा माल पडून आहे, त्यामुळे तो स्वतःहून फक्त २ लाख ८० हजारांची ऑर्डर देणार. टार्गेट तेच ४ लाख. म्हणजे आता ढकलायचे १ लाख २० हजार. तिसऱ्या महिन्यात तो २ लाख २० हजारच मागणार आणि तुम्हाला ढकलायचे १ लाख ८० हजार. बघा, डॉक्टर तेवढंच लिहितायत, तुम्ही तेवढेच कॉल, म्हणजे डॉक्टरांच्या भेटी करताय, पण दर महिन्याला डोक्यावरचं ओझं ६० हजारांनी वाढतंय. क्वार्टर संपताना स्टॉकिस्टकडे १ लाख ८० हजारांचा फालतू माल, म्हणजे निम्म्या महिन्यापेक्षा जास्त विक्री अडकलेली. चौथ्या महिन्यात त्याने "आता एक स्ट्रिप जास्तीची घेणार नाही" म्हटलं आणि तुम्ही ढकललं नाहीत तर प्रायमरी येते १ लाख ६० हजार. ४० टक्के! तीन महिने हंड्रेडवाला माणूस एकदम यादीत तळाला, आणि सगळे विचारतात याला झालं काय. काहीच झालेलं नसतं, सेकंडरी पहिल्यापासून ८५ टक्केच होती.

"मी पहिल्यापेक्षा जास्त राबतोय तरी महिनाअखेर दरवेळी जास्तच जड का जाते" असं ज्यांना वाटतं त्यांनी आधी हा हिशेब लावून बघावा. स्टॉकिस्टच्या स्टेटमेंटमधून ओपनिंग म्हणजे महिन्याच्या सुरुवातीचा साठा, खरेदी, आणि क्लोजिंग म्हणजे महिनाअखेर उरलेला साठा, एवढं काढा. ओपनिंग अधिक खरेदी, त्यातून रिटर्न आणि क्लोजिंग वजा, उरली ती सेकंडरी. सहा महिन्यांचं एका वहीत लिहा. क्लोजिंग सेकंडरीपेक्षा जास्त झालं, म्हणजे महिनाभर नवीन बिल न फाडता चालेल एवढा माल झाला, तर हळूहळू धोका. दीडपटीच्या वर गेलं तर प्रेशर वाढणार हे आत्ताच धरून चाला.

स्टॉकिस्टकडे माल पडला तर पडला, विकला जाईल की कधीतरी. एवढं काय?

विकला गेला तर ठीक. नाही गेला तर एक्सपायरी होऊन परत येतो आणि बहुतेक कंपन्यांत तो रिटर्न तुमच्याच चालू महिन्याच्या सेलमधून वजा होतो. आठ-दहा महिन्यांपूर्वीच्या हंड्रेड टक्क्याचं बिल आज फाटतं. काही ठिकाणी दिलेलं इन्सेंटिव्हही वळतं करून घेतात. शिवाय स्टॉकिस्टचं पेमेंट अडकतं, मग आउटस्टँडिंगसाठी फोन, मग तो शेठ तुमच्या कंपनीवरच चिडतो आणि चालणारा ब्रँडसुद्धा वेळेवर मागवत नाही. तिकडे डॉक्टर म्हणतो "तुमचं औषध मिळत नाही बाजारात". म्हणजे नको तो माल भरपूर आणि हवा तो गायब, हे एकाच दुकानात एकाच वेळी बघायला मिळतं.

रोज रात्री ग्रुपवर रँकिंग टाकतात. खाली लाल रंगात माझं नाव. त्याचं काय करू?

आधी ते रँकिंग कशाचं आहे ते बघा. जवळपास सगळीकडे टार्गेटच्या टक्क्यांचं असतं, रुपयांचं नाही. दीड लाखाचं टार्गेट असलेला १ लाख ८० हजार करतो, तो १२० टक्के, पहिला नंबर. साडेसहा लाखांचं टार्गेट असलेला ६ लाख करतो, तो ९२ टक्के, चौदावा नंबर. कंपनीला पैसा कोणी जास्त आणून दिला ते लहान पोरालाही कळेल, पण एक्सेलला त्याचं काय.

दुसरी गोष्ट, टार्गेट कुठून आलं. साधारणपणे मागच्या वर्षीचा प्रायमरी सेल घेतात आणि त्यावर ग्रोथ लावतात. तुमच्या आधी जो त्या एचक्यूला होता त्याने जर मार्चमध्ये दाबून माल भरला असेल आणि नंतर नोकरी सोडून गेला असेल, तर त्याने फुगवलेला आकडा तुमचा बेस झाला, वर ग्रोथ, आणि त्याचाच माल एक्सपायर होऊन तुमच्या नावावर परत. म्हणजे तिहेरी मार. नवीन पोरं पहिल्या वर्षातच "आपल्याला सेल्स जमत नाही" म्हणून सोडतात ना, त्यातल्या बऱ्याच जणांची ही केस असते आणि त्यांना कोणी सांगतच नाही.

तिसरं, सीझन. अँटिबायोटिक, खोकल्याची औषधं पावसाळ्यात उचलतात, मे महिन्यात अर्धे डॉक्टर सुट्टीवर. टार्गेट बारा महिन्यांत सारखं वाटलेलं असेल तर मे महिन्यात तुम्ही लाल दिसणारच. एप्रिल तर मार्चच्या भरणीमुळे सगळ्यांचाच झोपलेला असतो.

करायचं काय म्हणाल तर ग्रुप म्यूट करा आणि दिवसातून एकदाच, ठरलेल्या वेळी उघडा, संध्याकाळचा रिपोर्ट भरताना. रात्री अकराला टाकलेल्या यादीवर रात्री अकराला तुम्ही काहीच करू शकत नाही, मेडिकलं बंद झालेली असतात. आणि स्वतःचं वेगळं कोष्टक ठेवा, त्यात सेकंडरी, लिहिणारे डॉक्टर किती वाढले, आणि क्लोजिंग किती उतरलं, एवढंच. मीटिंगमध्ये उभं करून विचारतात तेव्हा हे कागद हातात असले की निदान तोंडातून शब्द फुटतात.

रँकिंगवरून मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर बोलतात. ऐकून घ्यायचं का?

आकड्यावर बोलले तर आकड्यानेच उत्तर द्यायचं, आवाज न चढवता. "सर, प्रायमरी ७२ आहे पण सेकंडरी ८५ आहे आणि क्लोजिंग ५२ हजारांनी कमी केलंय" असं. आई-बापावर, जातीवर, "बांगड्या भर" वगैरे भाषेवर गेले तर तो टार्गेटचा विषय राहिलेला नाही. त्याच दिवशी तारीख, वेळ, नेमके शब्द आणि कोण हजर होतं ते लिहून ठेवा. व्हॉट्सअ‍ॅपवर असेल तर स्क्रीनशॉट स्वतःच्या मेलवर पाठवून द्या, कारण ग्रुपमधून काढलं आणि फोन बदलला की ते शोधत बसायची वेळ येते.

९७ टक्के झालं आणि इन्सेंटिव्ह शून्य. हे बरोबर आहे का?

बरोबर आहे का माहीत नाही पण सर्रास आहे. स्लॅब असाच बांधतात, समजा ९९.९ पर्यंत काही नाही, १०० ला १८ हजार, ११० ला ३० हजार. मग १२ लाखांच्या क्वार्टर टार्गेटमध्ये शेवटचे ३६ हजार रुपये कमी पडले की पूर्ण १८ हजार गेले. त्यामुळे शेवटच्या तीन दिवसांत माणूस वेड्यासारखा वागतो. त्याला हावरट म्हणणं सोपं आहे, स्लॅबच तसा बांधलाय ते कोणी बघत नाही. जिथे प्रत्येक टक्क्याला थोडं थोडं मिळतं तिथे महिनाअखेरच्या क्लोजिंगला एवढी मारामारी नसते.

खरी गडबड होते ती घरच्या हिशेबात. पगार २६ हजार आणि इन्सेंटिव्ह धरून महिना ३२ पडतो असं मनात पकडलं आणि त्यावर गाडीचा हप्ता बसवला, की क्लोजिंग म्हणजे हप्त्याची तारीख होऊन बसते. मग साहेबांना "नाही" म्हणायची ताकदच राहत नाही. इन्सेंटिव्ह तसंही क्वार्टर संपल्यावर महिना-दोन महिन्यांनी येतं, आणि त्याला अटी असतात: आउटस्टँडिंग अमुक दिवसांच्या आत हवं, कॉल अ‍ॅव्हरेज हवा, पैसे देण्याच्या तारखेला तुम्ही नोकरीत हवेत. ही शेवटची अट सगळ्यात जास्त लोकांना नडते, राजीनामा देताना कळते. त्यामुळे वर्षाच्या सुरुवातीला जे इन्सेंटिव्ह सर्क्युलर येतं ते पूर्ण वाचा आणि जपून ठेवा. हप्ते फक्त फिक्स पगारावर बसवा. टीए-डीए हे उत्पन्न नाही हेही लक्षात ठेवा, पेट्रोल आणि जेवणात ते जातंच.

साहेब सरळ म्हणतात "काहीही कर, माल टाक". नाही कसं म्हणायचं?

तोंडावर नुसतं "नाही" म्हटलं तर भांडण होतं. आकडा देऊन, पर्याय देऊन बोलायचं. साधारण असं:

"सर, पाटील एजन्सीकडे आधीच दोन महिन्यांचं क्लोजिंग आहे. अजून ६० टाकले तर पुढच्या महिन्यात तिथे झिरो. त्याऐवजी उदगीरच्या स्टॉकिस्टकडे क्लोजिंग कमी आहे, तिथे २० ची ऑर्डर खरी निघेल. मी ती आज घेतो. बाकीचे ४० चे ब्रँड आणि क्वांटिटी तुम्ही मेसेज करा, म्हणजे शेठला तसं सांगता येईल."

शेवटचं वाक्य महत्त्वाचं आहे. तोंडी सांगणारा साहेब लेखी द्यायला कचरतो, आणि दिलंच तर उद्या रिटर्न आल्यावर तुमच्याकडे काहीतरी असतं. आणि ही चर्चा २८ तारखेला करू नका, २८ ला कोणी ऐकायच्या मनःस्थितीत नसतो. १० ते १२ तारखेला स्वतःहून फोन करून सांगायचं की सर, या महिन्याचं माझं खरं एवढं होईल, क्लोजिंग असं आहे. शेवटच्या दिवशी दिलेल्या धक्क्यापेक्षा दहा तारखेला सांगितलेला कमी आकडा साहेबालाही परवडतो, कारण त्यालाही वर कुणाला तरी अंदाज द्यायचाच असतो. त्याची यादीसुद्धा कुठल्या तरी ग्रुपवर लाल होतच असते.

मी स्वतःचे पैसे घालून माल उचललाय, घरी बॉक्स पडलेत. आता?

हे खूप जण करतात आणि कोणी बोलत नाही. एखाद्या मेडिकलच्या नावाने बिल फाडायचं, पैसे आपण भरायचे, मग तो माल डिस्काउंटने हळूहळू कुठेतरी काढायचा. १८ हजारांच्या इन्सेंटिव्हसाठी ४० हजारांचा माल घेऊन तो ३० ला विकला तर हातात राहिले आठ हजार, आणि ते हातात पडेपर्यंत क्रेडिट कार्डाचं व्याज सुरू.

पैशापेक्षा मोठा धोका कायद्याचा आहे. लायसन्स नसताना औषध विकणं, किंवा विकण्यासाठी साठवून ठेवणं, हा १९४०च्या ड्रग्ज अँड कॉस्मेटिक्स कायद्याखाली गुन्हा आहे. घरी बॉक्स सापडले तर कंपनी "आम्ही असं सांगितलंच नाही" म्हणून मोकळी होणार.

त्यामुळे आधी नवीन उचलणं थांबवा, यातून जो महिना खराब जायचा तो जाऊ द्या. ज्या मेडिकलच्या नावाने बिल आहे त्याच्याशी बोलून एक्सपायरीला अजून वेळ असलेला माल त्याच्याच दुकानातून, त्याच्याच बिलाने जाईल किंवा स्टॉकिस्टला परत जाईल असं बघा. एकूण किती अडकलेत तो आकडा घरातल्या एका तरी माणसाला सांगा. कर्ज फेडायला पर्सनल लोनवाल्या अ‍ॅपकडे वळू नका, त्यांचे वसुलीवाले आणि क्लोजिंगचे फोन एकाच आठवड्यात आले की माणूस खचतो.

२५ तारखेनंतर झोप लागत नाही, छातीत धडधडतं, केबिनबाहेर बसल्यावर घाम येतो. हे नॉर्मल आहे का?

चार दिवस झोप कमी होणं आणि एक तारखेला परत नीट होणं हे कामाचं टेन्शन. पण एक तारीख उलटली, सुट्टी आली, तरी झोप नाही, भूक नाही, फोन वाजला की पोटात गोळा, डॉक्टरच्या दारापर्यंत जाऊन परत फिरणं, न केलेले कॉल रिपोर्टमध्ये भरणं, हे दोन आठवडे चाललं असेल तर ते अंगावर काढू नका. छातीत दुखणं, दम लागणं, हात किंवा जबडा दुखणं असेल तर "टेन्शनच असेल" म्हणून घरी बसू नका, आधी लगेच दवाखान्यात जाऊन ईसीजी काढा.

आपल्या लाइनची गंमत म्हणजे दिवसाला दहा डॉक्टर भेटतात आणि स्वतःचं एकालाही सांगत नाही, कारण तो कस्टमर आहे. मानसोपचारवाला तर गावात एखादाच आणि त्याच्याकडेही आपलाच किंवा मित्राचा कॉल असतो. मग शेजारच्या शहरात दाखवा, काही हरकत नाही. सरकारची टेली मानस हेल्पलाइन आहे, नंबर १४४१६, चोवीस तास, फुकट, मराठीत बोलतात, नाव सांगायची सक्ती नाही.

आणि एक कळकळीने सांगतो, ओळखीच्या मेडिकलवाल्याकडून चिठ्ठीशिवाय अल्प्राझोलाम घेऊन झोपायची सवय लावून घेऊ नका. आपल्याला नावं आणि डोस पाठ असतात म्हणून आपण डॉक्टर होत नाही. त्याची सवय लागते, आणि रोज घेणाऱ्याने एकदम बंद केली तर त्रास आणखी वाढतो, त्यामुळे आधीच चालू असेल तर डॉक्टरला सांगून हळूहळू कमी करायची. क्लोजिंगनंतरची पार्टी महिन्यातून एकदाची आठवड्यातून तीनदा झाली असेल तर तेही याच खात्यात धरा.

मरणाचे विचार येत असतील तर टार्गेट, साहेब, क्लोजिंग सगळं तिथेच सोडा, एकटे राहू नका, कुणाला तरी सोबत बोलवा आणि १४४१६ किंवा ११२ ला लगेच फोन करा.

"राजीनामा टाक नाहीतर निलंगा काय, नागालँडला बदली करतो" म्हणतात. कायदा काय म्हणतो?

एमआरसाठी १९७६ चा सेल्स प्रमोशन एम्प्लॉईज कायदा होता. २१ नोव्हेंबर २०२५ पासून नवीन चार लेबर कोड लागू झाले आणि तो कायदा त्यात गेला, पण इंडस्ट्रियल रिलेशन्स कोडमध्ये कामगाराच्या व्याख्येत सेल्स प्रमोशनवाले घेतलेले आहेत. म्हणजे "तुम्ही एक्झिक्युटिव्ह, तुम्हाला लेबर ऑफिस लागू नाही" असं एचआर म्हणालं तरी लगेच मान डोलावू नका, व्याख्येत नेमकं काम बघतात.

दबावाखाली राजीनाम्यावर सही करू नका, विचार करायला वेळ द्या असं मेलवर लिहा. सही केली की "स्वतःहून गेला" एवढंच कागदावर राहतं. वॉर्निंग लेटर आलं तर गप्प बसू नका, सेकंडरी आणि क्लोजिंगचे आकडे टाकून लेखी उत्तर द्या. नोकरी सुटली तर थकलेलं वेतन दोन कामाच्या दिवसांत द्यायचं असं वेज कोड म्हणतो, पण कमिशन त्या वेतनाच्या व्याख्येत धरलेलं नाही, म्हणून इन्सेंटिव्हचं भांडण शेवटी सर्क्युलरच्या कागदावर येतं. (जपून ठेवा म्हटलं ते यासाठी.) युनियन आहे, महाराष्ट्रात एमएसएमआरए आणि देशपातळीवर एफएमआरएआय. केस करायची नसली तरी कागद घेऊन जाऊन बसा, बदली आणि राजीनाम्याची प्रकरणं त्यांनी बरीच हाताळलेली असतात.

कंपनी बदलली की सुटेल का हे सगळं?

कधी सुटतं, कधी तोच खड्डा नव्या नावाने मिळतो. इंटरव्ह्यूला पगाराशिवाय काही विचारायचंच नाही असं आपल्याकडे का आहे कळत नाही. विचारा: हे एचक्यू किती महिने रिकामं आहे आणि आधीचा का गेला? मागच्या सहा महिन्यांची सेकंडरी आणि आजचं क्लोजिंग किती? इन्सेंटिव्ह प्रायमरीवर की सेकंडरीवर? आधीच्याच्या मालाची एक्सपायरी कोणाच्या नावावर जाणार? शेवटच्या प्रश्नाला समोरचा साहेब घुटमळला तर त्याच दिवशी गावातल्या मोठ्या स्टॉकिस्टच्या काउंटरवर जाऊन चहा प्या. त्यांच्या फळीवर त्या कंपनीचा कुठला माल किती तारखेचा पडलाय हे तो शेठ दोन मिनिटांत सांगतो, आणि ऑफर लेटरवर सही त्यानंतर करा.